राजीनाम्यात 'क्लॉज 11 मान्य आहे' असं लिहून दे म्हणतात, काय उत्तर लिहू?

पऱ्हाटी_यवतमाळ
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यात एका बियाणं-औषधाच्या डिस्ट्रिब्युटरकडे फील्डले आहो, चार वर्षं झाली. कृषी केंद्रांकडून बुकिंग घेणं, डेमो प्लॉट, शेतकरी मेळावे आणि सगळ्यात मोठं म्हणजे उधारी वसुली, हे माझं काम. पगार 19 हजार. आता पुसद साइडच्या दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरनं 26 हजार देतो म्हटलं तर मी व्हय म्हटलं. मालकाले कुठून तरी कळलं आणि 2 मेला व्हॉट्सॲपवर मेसेज आला, जसाच्या तसा देतो:

"तू समोरच्याकडे चालला हे समजलं. अपॉइंटमेंट लेटरमध्ये क्लॉज 11 आहे. राजीनाम्यात लिहून दे की अट मान्य आहे, 2 वर्षं यवतमाळ-वाशीम जिल्ह्यात या लाइनमध्ये काम करणार नाही आणि डीलर फोडले त्याचे 1 लाख भरून देईन. तेव्हाच रिलीव्हिंग मिळेल."

क्लॉज 11 खरंच आहे, माझी सही पण आहे. नोटीस 30 दिवसांची आहे. सही करताना कोण वाचते. आता मी राजीनामा असा लिहिला हाय, सांगा बरोबर आहे का:

"मला माहीत आहे की क्लॉज 11 प्रमाणे मी 2 वर्षे स्पर्धक फर्ममध्ये काम करू शकत नाही, परंतु घरच्या आर्थिक अडचणीमुळे नाइलाजाने जावे लागत आहे. ही अट माझ्यासारख्या गरीब माणसावर अन्यायकारक आहे, कृपया सहानुभूतीने विचार करावा. डीलरची यादी व रेट फक्त माझ्या फोनमध्ये आहेत, मी ते कोणाला दिलेले नाहीत. माझ्याकडून काही चूक झाली असल्यास क्षमस्व."

मालक बाबांच्या ओळखीचा आहे, रोज बाजारात भेट होते, म्हणून भांडण नको. पण लिहून पण द्यायचं नाही. परवा देणार आहो.

गजूभाऊ_आर्णी
अरे कायले घाबरतं भाऊ. सेक्शन 27 आहे ना, करार कायदा 1872 चा. धंदा करायले अडवणारा कोणताही करार रद्द. रद्द म्हणजे रद्द, कागदावरची शाई. दोन ओळीचा राजीनामा फेक आणि उद्यापासून तिकडं बुकिंग सुरू कर, क्लॉज 11 चं नाव पण काढू नको. माझ्या मावसभावाले पण असंच धमकावलं होतं, तो गेला, काहीच झालं नाही.

जुना_अडत्या_कारंजा
गजूभाऊ, इतकं सोपं नसते. माझ्या काकानं 2011 मध्ये कृषी केंद्र विकलं, दुकान, नाव, गिऱ्हाईक सगळं. विकताना लिहून दिलं होतं की पाच वर्षं त्याच गावात तसं दुकान टाकणार नाही. दोन वर्षांनी चुलतभावानं रस्त्याच्या पलीकडं टाकलं तर समोरच्यानं वकील लावून बंद करायले लावलं. तेव्हा लिहून देल्लं असलं की पाळावं लागते बाप्पा. पोरा, तू सही केली ना, मग आता इमानदारीनं मान्य कर आणि मालकाच्या हातापाया पडून सूट माग. आमच्या वेळी असंच होत होतं.

ॲड_पुसद
काका, तुमच्या काकांचा अनुभव खरा आहे पण गोष्ट वेगळी आहे. त्यांनी धंद्याचं नाव आणि गिऱ्हाईक विकलं, त्याचे पैसे घेतले. कलम 27 मध्येच तेवढा एक अपवाद लिहिलेला आहे: धंद्याची साख विकणाऱ्यावर ठरावीक भागापुरती वाजवी बंदी घालता येते. या मुलानं काही विकलेलं नाही, तो पगारावर होता. ते इथं लागू करू नका.

आणि गजूभाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेलं अर्धं हाच मुलगा भरून देईल अशी भीती वाटते म्हणून सविस्तर लिहिते.

नोकरी संपल्यानंतर दुसरीकडे काम करू नको ही अट आपल्याकडे टिकत नाही. सुप्रीम कोर्टानं 2006 मध्ये झहीर खानच्या प्रकरणात, हो आपला श्रीरामपूरचा बॉलर, हेच सांगितलं की कराराची मुदत संपल्यावरची बंदी रद्दच, ती वाजवी आहे की गैरवाजवी हे बघायचीसुद्धा गरज नाही. पण नोकरी चालू असतानाची बंदी टिकते. 1967 चं जुनं प्रकरण आहे, कल्याणच्या टायर कॉर्डच्या कारखान्यातला एक जण पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोट्याच्या दुसऱ्या कारखान्यात जास्त पगारावर गेला. सुप्रीम कोर्टानं त्याच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला, कारण कराराची मुदत बाकी होती. आता तुम्ही 'उद्यापासून तिकडं बुकिंग सुरू कर' म्हणता. नोटीसचे 30 दिवस तो याच फर्मचा माणूस आहे, पगारही इथूनच. त्या 30 दिवसात त्यानं पुसदवाल्यासाठी एक जरी बुकिंग घेतलं तरी मालकाला क्लॉज 11 ची गरजच उरणार नाही.

दुसरं, कलम 27 मध्ये 'तेवढ्यापुरता रद्द' असे शब्द आहेत. म्हणजे बंदीचा भाग जातो, बाकीचा करार तसाच राहतो. गोपनीय माहिती, फर्मची वस्तू, हिशोब, हे सगळं शिल्लक राहतं.

पऱ्हाटी_यवतमाळ
ताई खूप उपकार झाले. मग माझ्या राजीनाम्यात काय चुकलं? मी तर नम्रपणे लिहिलं होतं.

ॲड_पुसद
नम्रता चांगली आहे, ती ठेवा. पण एकेक वाक्य बघू.

"मला माहीत आहे की क्लॉज 11 प्रमाणे मी काम करू शकत नाही." क्लॉज 11 नियुक्तीपत्रात आहे हे मान्य करायला हरकत नाही, तुमची सही आहे, नाही म्हणून खोटं कशाला पडायचं. पण 'करू शकत नाही' म्हणजे ती तुम्हाला लागू होते असं तुम्हीच म्हणालात. आता एक बारीक गोष्ट, कायद्यानं रद्द असलेली अट तुमच्या कबुलीनं जिवंत होत नाही, तुम्ही दहा वेळा लिहून दिलं तरी नाही. मग भीती कशाची? पुढच्या शब्दांची. "परंतु नाइलाजाने जावे लागत आहे" म्हटलं की चित्र असं तयार होतं की या माणसाला बंधन माहीत होतं, यानं जाणूनबुजून मोडलं, आणि तेही नोकरीत असतानाच ठरवून. कोर्टात वकील असं एकच वाक्य वाचून दाखवतो, खाली कलम 27 आहे की नाही हे नंतर.

"ही अट अन्यायकारक आहे." हे वाक्य सगळेच लिहितात आणि इथंच मालकाच्या मैदानात जातात. अन्याय म्हटलं की तो म्हणेल दोनच जिल्हे तर आहेत, दोनच वर्षं आहेत, यात कसला अन्याय, चल एक वर्ष करतो, एक जिल्हा करतो. मग तुम्ही मोलभाव करायला बसला. वर सांगितलं तसं, नोकरीनंतरच्या बंदीचा प्रश्न न्याय-अन्यायाचा नाहीच. ती कमी केली तरी रद्दच. म्हणून अन्याय, गरिबी, सहानुभूती हे तिन्ही शब्द काढा.

"यादी व रेट फक्त माझ्या फोनमध्ये आहेत." हे खरं असेल तर लपवायचं नाही, पण राजीनाम्यात असं मोकळं सोडायचं नाही. त्याऐवजी 'सोपवायला तयार आहे, कोणाकडे सोपवू ते लेखी सांगा' असं लिहायचं. आणि कृपा करून रात्री बसून फोन साफ करू नका. पुरावा नष्ट केला हा आरोप यादी ठेवल्याच्या आरोपापेक्षा वाईट आहे.

"चूक झाली असल्यास क्षमस्व." कोणती चूक? त्यानं 'डीलर फोडले' असा आरोप केलाय आणि खाली तुम्ही क्षमस्व लिहिलं. जोडायला किती वेळ लागतो.

संत्रावाली_वरुड
मी पण यातून जाऊन राहिली म्हणून लिहिते. मी वरुडला एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवत होते, सोडताना म्हणाले 25 किलोमीटरमध्ये क्लास नाही घ्यायचा आणि माझी बीएस्सीची ओरिजिनल मार्कशीट त्यांनी जॉइनिंगला ठेवून घेतली होती. मी भावनेत चार पानं लिहिली, किती छळलं, पगार कसा उशिरा दिला, मुलं माझ्याकडेच येतील कारण मी चांगलं शिकवते असं पण लिहून बसली. त्यांनी तेच पकडलं, म्हणाले बघा हिनं स्वतःच लिहिलं मुलं नेणार म्हणून. मार्कशीट आजपर्यंत परत दिली नाही, सात महिने झाले. वकील ताई मी आता काय करू?

ॲड_पुसद
ताई, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथं लिहीन, मार्कशीटसाठी वेगळी लेखी मागणी करावी लागेल आणि युनिव्हर्सिटीकडून डुप्लिकेट पण मिळते. पण तुमचं 'मुलं माझ्याकडेच येतील' हे वाक्य या भावासाठी फार कामाचं आहे. राजीनाम्यात भविष्याबद्दल काही लिहायचं नाही. ना 'मी तुमच्या डीलरकडे जाणार नाही' ना 'ते माझ्याकडेच येतील.' पहिलं लिहिलं तर स्वतःच्या हातानं नवीन वचन दिलं, दुसरं लिहिलं तर धमकी झाली.

एचआर_नागपूर
मी नागपूरला एका कंपनीत एचआरला आहे, दुसऱ्या बाजूचं सांगतो. एवढं वकिली राजीनामापत्र बघितलं की मालक आणखी चिडतो. मी म्हणेन राजीनामा दोन ओळींचा ठेवा, फक्त तारीख आणि शेवटचा दिवस. क्लॉज 11 ला उत्तर वेगळ्या पत्रात द्या. कारण राजीनामा नवीन कंपनीला पण दाखवावा लागतो, तिथं कशाला भानगड दिसू द्यायची. दुसरं, वरती 'विदाउट प्रेज्युडिस' असं लिहा, मग आतलं काहीच तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही.

ॲड_पुसद
दोन पत्रांचं म्हणणं मला पटतं, मालकानं मेसेज केला नसता तर मीही तेच सांगितलं असतं. इथं अडचण अशी आहे की मालकानं लेखी म्हटलंय की कबुली राजीनाम्यातच पाहिजे. तुम्ही दोन ओळींचा राजीनामा दिला आणि दुसरं पत्र त्यानं घेतलंच नाही, तर त्याच्या मेसेजनंतर आलेला तुमचा एकमेव कागद त्याच्या दाव्यावर गप्प असेल. म्हणून या केसमध्ये मी उत्तर राजीनाम्यातच ठेवेन, पण एका परिच्छेदात. नवीन कंपनीनं विचारलं तर त्यात लाजण्यासारखं काही नसेल, असंच लिहायचं. यावर मतभेद असू शकतो, मी ठाम नाही.

'विदाउट प्रेज्युडिस' मात्र वर लिहू नका. तो शिक्का तडजोडीच्या बोलणीसाठी असतो, की ही बोलणी कोर्टात पुरावा म्हणून आणायची नाहीत. तुम्हाला तर राजीनामा कोर्टात दाखवता आला पाहिजे, नोटीस कधी दिली ते सिद्ध करायला! स्वतःच्या पुराव्यावर 'पुरावा म्हणून वापरू नये' असं कशाला लिहायचं. शेवटी 'माझे सर्व कायदेशीर हक्क राखून' एवढं पुरे.

गजूभाऊ_आर्णी
ताई माझं चुकलं, नोटीस पिरियडचं मी धरलंच नव्हतं. भाऊ, माझं ऐकून बुकिंग घेऊ नको रे.

ॲड_पुसद
आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि याचं उत्तर इथं लिहिण्याआधी विचार करा. 'डीलर फोडले' यात काही तथ्य आहे का? तुम्ही कोणत्या कृषी केंद्रवाल्याशी काही बोललात का?

पऱ्हाटी_यवतमाळ
खरं सांगतो ताई. मी कोणाले माल इकडून घेऊ नका असं नाही म्हटलं. पण एक डीलर आहे, चहा पेता पेता त्यानं विचारलं की कापसाचं बुकिंग आता देऊ का, तुम्ही तर चालले म्हणतात. मी म्हटलं, द्या ना, फर्म कुठं चालली, मी पुढच्या महिन्यात भेटतोच. इतकंच. आणि बुकिंग त्यानं इथंच दिलं, पावती आहे. मालकाले कोणीतरी 'पुढच्या महिन्यात भेटतो' एवढंच सांगितलं असन.

ॲड_पुसद
मग तुमची बाजू चांगली आहे, पण वाक्य जपून लिहा. बरेच जण आरोप झाला की रागात लिहितात, 'मी नोकरी बदलण्याबद्दल एकाही डीलरशी बोललेलो नाही.' तुमच्या बाबतीत हे खोटं ठरेल, कारण चहावर बोलणं झालं, आणि तो डीलर मालकाच्या बाजूनं उभा राहिला तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवर पण कोणी विश्वास ठेवणार नाही. नकार तेवढाच द्यायचा जेवढा शंभर टक्के खरा आहे. 'कोणत्याही डीलरला आपल्या फर्मकडून माल घेऊ नये असे मी सांगितलेले नाही.' हे खरं आहे ना? मग हेच, एवढंच. त्या बुकिंगच्या पावतीचा फोटो तारखेसह जपून ठेवा, पत्राला जोडू नका.

(जर 'बुकिंग जरा थांबवा' असं म्हटलं असतं तर हे वाक्यच लिहू नका म्हटलं असतं. तेव्हा फक्त 'आपले म्हणणे मला मान्य नाही' एवढ्यावर थांबायचं आणि आधी वकिलाला भेटायचं.)

जुना_अडत्या_कारंजा
बाई, मग डीलरची नावं कोणाची? हा पोरगा चार वर्षं उन्हातान्हात फिरला, ओळखी यानं केल्या.

ॲड_पुसद
काका, यावर कोर्टात पण वाद होतात, पूर्ण उत्तर कोणीच देऊ शकत नाही. माझा साधा मापदंड असा. दारव्ह्याच्या बाजारात कोणत्या दुकानावर कोणाचं नाव आहे, बोर्डवर कोणता नंबर आहे, हे सगळ्या गावाला दिसतं, ते कोणाचं गुपित नाही. पण कोणत्या दुकानदाराला किती दिवसांची उधारी चालते, कोणाला किती टक्के जास्त स्कीम दिली, कोणाचा चेक मागं आला होता, हे फर्मच्या वहीतलं आहे. तिकडं गेल्यावर ओळखीच्या दुकानदाराला भेटणं वेगळं आणि 'इथं तुला 45 दिवस आहेत ना, मी 60 देतो' म्हणणं वेगळं. दुसऱ्यात फर्मची वही बोलते.

एचआर_नागपूर
हे आमच्याकडे पण असंच बघतात. आणि 1 लाखाचं काय? नुकतंच सुप्रीम कोर्टानं बाँड वैध ठरवला ना?

ॲड_पुसद
हो, मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात. पण तिथं नियुक्तीच्या अटीतच लिहिलेलं होतं की तीन वर्षांच्या आत सोडलं तर 2 लाख भरायचे. कोर्ट म्हणालं ही अट नोकरीच्या काळातली आहे, नंतर दुसरीकडे काम करायला अडवत नाही, म्हणून कलम 27 मध्ये बसत नाही. या भावाच्या पत्रात बाँडची रक्कम आहे का? भाऊ, क्लॉज 11 आणि त्याच्या आजूबाजूचं नीट वाचा.

पऱ्हाटी_यवतमाळ
वाचलं ताई. रकमेचं काहीच नाही. कमीत कमी इतकी वर्षं करा असं पण नाही. क्लॉज 7 मध्ये 30 दिवसांची नोटीस, क्लॉज 9 मध्ये गुपित, क्लॉज 11 ही बंदी आणि शेवटी 'वाद झाल्यास यवतमाळ न्यायालय.'

ॲड_पुसद
मग 1 लाख 2 मेच्या मेसेजमध्येच जन्माला आले. पत्रात त्याला 'कोणतीही रक्कम देणे लागतो हे मान्य नाही' एवढं पुरे, का आणि कसं यात शिरू नका.

खाली मसुदा देते. तारखा तुमच्या घाला. नोटीस देण्याचा दिवस सोडून मोजा, 4 मेला दिलं तर 30 दिवस 3 जूनला पूर्ण होतात.

"विषय: राजीनामा व आपल्या दि. 2 मे च्या संदेशाचे उत्तर.

मी क्षेत्र प्रतिनिधी पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्रातील क्लॉज 7 प्रमाणे 30 दिवसांची नोटीस आज दि. 4 मे रोजी देत असून दि. 3 जून हा माझा शेवटचा कामाचा दिवस राहील.

आपल्या संदेशात क्लॉज 11 चा उल्लेख आहे. नोकरी संपल्यानंतर तो मला बंधनकारक आहे हे आपले म्हणणे भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 27 मुळे मला मान्य नाही. कोणत्याही डीलरला आपल्या फर्मकडून माल घेऊ नये असे मी सांगितलेले नाही आणि मी कोणतीही रक्कम देणे लागतो हे मला मान्य नाही. संदेशातील ज्या बाबींचे येथे उत्तर दिलेले नाही त्या मान्य आहेत असा अर्थ घेऊ नये.

नोटीसच्या काळात मी नेहमीप्रमाणे काम करीन. क्लॉज 9 मधील गोपनीयतेची जबाबदारी मी पाळत आलो आहे व पाळीन. फर्मचा टॅब, सिम, सॅम्पल, पावती पुस्तके, डीलरची यादी व उधारीचा तपशील कोणाकडे व कोणत्या तारखेला सोपवावा हे लेखी कळवावे. उधारीच्या शिल्लक रकमांवर संबंधित डीलरची सही घेऊन मी यादी देईन.

शेवटच्या दिवशी कार्यमुक्ती पत्र व देय पगार मिळावा. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे."

कुठं चाललो ते लिहिलेलं नाही, बघितलं का? राजीनाम्यात नवीन मालकाचं नाव लिहायची गरज नसते. खोटं पण बोलायचं नाही. विचारलं तर 'ते सांगणं मला बंधनकारक नाही' म्हणा.

पऱ्हाटी_यवतमाळ
ताई, उधारीवर डीलरची सही काऊन?

ॲड_पुसद
कारण बंदीच्या दाव्यात हरले की मालक बहुतेक वेळा वसुलीच्या खात्यावर येतात. सोडून गेल्यावर म्हणतात याच्याकडे अमुक रुपये अडकले, यानं वसूल केले आणि भरले नाहीत. आज प्रत्येक डीलरकडून 'अमुक तारखेस माझ्याकडे एवढी बाकी' असं सहीशिक्क्यासह घेतलं की तो रस्ता बंद होतो. खरीपाची गर्दी वाढायच्या आधी करा, जूनमध्ये कोणाला सही करायला वेळ नसतो.

संत्रावाली_वरुड
मी हे सगळं आधी वाचलं असतं तर. भाऊ तुम्ही पत्र हातात देताना पोच नक्की घ्या, माझ्या मॅनेजरनं नंतर म्हटलं पत्र मिळालंच नाही.

पऱ्हाटी_यवतमाळ
अपडेट. 4 तारखेले पत्र घेऊन गेलो. मालकानं वाचलं, चेहरा लाल झाला, म्हणाला हे वकिलानं लिहून देल्लं ना, पोच देणार नाही, घेऊन जा. मी काहीच बोललो नाही. घरी येऊन तेच पत्र ईमेलवर पाठवलं आणि दुपारी दारव्ह्याच्या पोस्टातून स्पीड पोस्ट केलं, पावती ठेवली. संध्याकाळी बाबांले फोन आला की पोराले समजवा, कोर्टातून मनाई आणतो, मग पुसदमध्ये पण काम करता येणार नाही. बाबा रात्रभर झोपले नाहीत. बाबांले मी काय सांगू?

ॲड_पुसद
बाबांना सांगा की मनाई हुकूम फोनवर मिळत नाही. दावा लावावा लागतो आणि नोकरीनंतरच्या बंदीसाठी तो मिळणं अवघड आहे. भीती एकच, तुम्हाला न ऐकता पहिल्याच दिवशी तात्पुरता हुकूम घेतला तर. त्यासाठी कॅव्हेट दाखल करा, म्हणजे कोर्ट आधी तुम्हाला नोटीस देईल. कॅव्हेट 90 दिवस चालतं, मग परत टाकावं लागतं. तुमच्या पत्रात यवतमाळ न्यायालय लिहिलंय म्हणून यवतमाळला टाका, आणि तुम्ही राहता, काम करता दारव्ह्यात, म्हणून तिथल्या दिवाणी कोर्टात पण टाका. कॅव्हेटची प्रत मालकाला पोस्टानं जाते, त्यामुळे तो आणखी चिडेल हे धरून चला.

एचआर_नागपूर
रिलीव्हिंग लेटर दिलंच नाही तर नवीन कंपनी अडकवेल हे मात्र खरं. आमच्याकडे अशा वेळी राजीनाम्याची पोस्टाची पावती, ईमेल आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या एंट्री बँकेच्या पासबुकात चालवून घेतात, पण सगळेच घेतात असं नाही. पुसदवाल्याला आजच विचारा, 3 जूनपर्यंत थांबू नका. आणि पीएफ असेल तर सोडल्याची तारीख मालकानं टाकली नाही तर शेवटच्या जमेनंतर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते.

जुना_अडत्या_कारंजा
पोरा, मी तुझ्या मालकाच्या वयाचा आहो. मले वाटते तू एकदा बाबांले घेऊन त्याच्या घरी जावं, कोर्टाचं सोडून. बियाण्याच्या धंद्यात माणसं तीच तीच असतात, उद्या तोच तुझा सप्लायर होईल.

ॲड_पुसद
जा की, जरूर जा काका म्हणतात तसं. फक्त तिथं कोऱ्या कागदावर सही नाही आणि 'एक वर्ष थांबतो' असं तोंडी पण नाही. चहा घ्या, खरीपाला शुभेच्छा द्या, या.

पऱ्हाटी_यवतमाळ
पुसदवाल्याले विचारलं, तो म्हणे पोस्टाची पावती चालन, पण कोर्टाचं काही आलं तर मी मध्ये पडणार नाही. हे पण बरोबर आहे त्याच्या जागी. 14 डीलरपैकी 9 जणांच्या बाकीवर सह्या झाल्या, दोघे म्हणतात मालकाले विचारून करतो, बाकीचे बाहेरगावी. बाबा आणि मी रविवारी मालकाकडे जाऊन येणार आहो, बाबांले ताईंचं सगळं वाचून दाखवलं. सोमवारी यवतमाळले कॅव्हेट. टॅब आणि सिम कोणाकडे द्यायचं हे अजून लेखी आलं नाही, मी दर दोन दिवसांनी ईमेल करून विचारतो.